तुमच्या कवितेचा श्वास किती ओळींचा?

कविता लिहून झाली की आपण सवयीने चार-चार ओळींनंतर एक रिकामी ओळ सोडतो. शाळेच्या पुस्तकात तशी असायची ना, म्हणून! पण ती रिकामी जागा सजावटीची नाही. तिथे वाचणारा थांबतो, श्वास घेतो. तो कुठे थांबणार, हे तुम्ही ठरवायचं.

माझंच उदाहरण देते. घर सोडून हॉस्टेलला निघण्याच्या सकाळवर लिहीत होते. सुरुवात अशी होती :

आई डब्यात चपात्या भरते,
मोजत नाही, भरतच राहते.

आधी सगळी कविता अशीच दोन-दोन ओळींत बांधली. गझलेच्या शेरात दोन ओळींतच विचार पुरा व्हावा लागतो, पुढचा शेर वेगळ्याच गोष्टीबद्दल असला तरी चालतो. माझी सकाळ मात्र सलग होती : डबा, बॅग, दार, रिक्षा. दर दोन ओळींनी यमक दार बंद करायचं आणि पुढच्या कडव्यात ते परत उघडावं लागायचं. मोठ्याने वाचताना धाप लागल्यासारखं झालं.

मग चार ओळी करून पाहिल्या :

आई डब्यात चपात्या भरते,
मोजत नाही, भरतच राहते.
बस साडेसहाची आहे,
अंगणात पारवा घुमत आहे.

खरं सांगू? आमच्याकडे अंगणच नाही, पारवा तर नाहीच. 'आहे'ला जोडी हवी म्हणून तो आला. चौथ्या ओळीची ही नेहमीची खोड. ओळखायची कशी? ती ओळ हाताने झाकून कडवं वाचा. काहीच कमी झालं नाही, तर ती भरतीची. चार ओळी शोभतात त्या विचाराला सावकाश वळायला जागा हवी असते तेव्हा : दोन ओळींत चित्र, तिसरीत वळण, चौथीत उतार. माझ्याकडे उतार नव्हताच. निघायची घाई होती.

पारवा उडवला. उरल्या तीन ओळी. बसच्या ओळीला यमक नाही, त्यामुळे ती लटकतच राहते आणि आई का मोजत नाहीये, हे न सांगता कळतं. गुलजारांच्या 'त्रिवेणी'त साधारण असंच घडतं (शांता शेळके यांनी केलेला मराठी अनुवाद लायब्ररीत मिळाला तर बघा). तिथे पहिल्या दोन ओळी शेरासारख्या पुऱ्या असतात, तिसरी येते आणि त्यांचा अर्थ हलवते. धोका एकच, प्रत्येक कडव्यात तिसऱ्या ओळीने धक्काच द्यायचा ठरवलं, तर तिसऱ्या कडव्यापर्यंत वाचणारा सावध होतो. म्हणून मधल्या दोन कडव्यांत मी तिसरी ओळ साधीच ठेवली, नुसती बॅगेची चेन लावणारी.

शेवटचं कडवं दोनच ओळींचं राहिलं. तिसरी सुचली होती, पण वाचताना आवाज दुसरीवरच थांबत होता.