दूध उशिरा येते, तर पत्र कसे लिहावे?

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत आता मोठमोठ्या कंपन्या आहेत. सकाळी कामावर जाणारी माणसे वाटेत चहा-नाश्ता घेतात. समजा, गावातल्या काही बायांनी मिळून चहाचे दुकान काढले आहे. रोज सकाळी ६ वाजता २० लिटर दूध आलेच पाहिजे, असे दूधवाल्याशी ठरले आहे. पण अधूनमधून दूध उशिरा येते. तोवर गिऱ्हाईक निघून जाते. बाया बोलतात. दूधवाला म्हणतो, "उद्यापासून नाही होणार, ताई." पुढे पुन्हा तेच! अशा वेळी काय करावे, ते आपण पाहू.

आधी एक वही करावी. रोज दूध उतरले, की तारीख, वार आणि वेळ लिहावी. वेळेवर आले, तर तेही लिहावे. महिनाभराने वही वाचली, की उशीर केव्हा होतो ते दिसते. आपल्या वहीत चार वेळा उशीर निघाला आणि चारही दिवस सोमवार निघाले. नुसते भांडून हे कळले नसते.

उशीर झाला, की दूध घेतानाच पावतीवर लिहावे, "दूध ६ ऐवजी ७ वाजता मिळाले. नुकसानभरपाई मागणार आहोत." याला कारण आहे. १८७२ सालचा करार कायदा आहे. माल ठरल्या वेळीच हवा असा करार असेल आणि उशिरा आलेला माल आपण मुकाट्याने घेतला, तर मागून भरपाई मागता येत नाही. घेतानाच तसे कळवावे लागते.

मग पत्र लिहावे. ते असे :

२४ जून २०२५

दूधवाले भाऊ यांस नमस्कार.

दूध रोज सकाळी ६ वाजता द्यायचे ठरले आहे. या महिन्यात २ तारखेला ते ७ वाजता आले. ९ तारखेला पावणेसातला, १६ तारखेला ७ वाजता आणि २३ तारखेला सव्वासातला आले. चारही दिवस सोमवार होते. दर वेळी आम्हांला दुकानातून १० लिटर दूध जादा भावाने घ्यावे लागले. त्याच्या पावत्या जोडल्या आहेत.

सोमवारी उशीर का होतो, तो टाळण्यासाठी तुम्ही काय करणार आणि कोणत्या तारखेपासून करणार, हे २८ जूनपर्यंत लिहून कळवावे. गाडी अडली, तर साडेपाचपर्यंत फोन करावा.

या पत्रात "तुम्ही नेहमीच उशीर करता" असे लिहिलेले नाही. तसे लिहिले, तर दूधवाला म्हणेल, "बाकीचे दिवस वेळेवर येतोच की!" तारीख आणि वेळ लिहिली, की वाद उरत नाही.

पत्राच्या दोन प्रती कराव्यात. एक दूधवाल्याला द्यावी. दुसरीवर त्याची सही व तारीख घेऊन ती वहीत ठेवावी. "लवकर येईन" एवढेच उत्तर आले, तर ते पुरेसे समजू नये. "सोमवारी गाडी अर्धा तास आधी काढीन" असे उत्तर आले, तर ते कामाचे. पुढचे चार सोमवार वहीत वेळ लिहीत राहावे. ठरल्याप्रमाणे होते की नाही, ते वहीच सांगेल.