डाउनलोड संपले, अपलोड चालूच

घरातल्या कॉम्प्युटरवर टॉरेंट लावून लिनक्सची मोठी फाइल उतरवली, खिडकी बंद केली, की काम संपले असे आपण धरून चालतो. प्रोग्रॅम मात्र अनेकदा बंद झालेला नसतो. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाजवळच्या चिन्हांत तो जाऊन बसतो आणि त्या फाइलचे तुकडे जगभरच्या अनोळखी लोकांना पाठवत राहतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट आणले ते याच तत्त्वावर, की घेणाऱ्याने इतरांनाही द्यावे. तत्त्व चांगले आहे. पण त्याला मर्यादा घातली नाही तर भुर्दंड घरच्यांना पडतो.

तांब्याच्या तारेवरचे एखादे जुने कनेक्शन घ्या. डाउनलोड ८ एमबीपीएस, अपलोड फक्त १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला साधारण १२५ किलोबाइट. टॉरेंट हा सगळा अपलोड व्यापतो. मग जादा माहिती मॉडेममध्ये रांग लावून थांबते. २५० किलोबाइटची रांग साचली, तर मागून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटला दोन सेकंद ताटकळावे लागते. व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या मुलीचा आवाज तुटतो तो यामुळेच.

अपलोड भरला की डाउनलोडही मंदावतो, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कोणतेही पान उतरवताना आपला कॉम्प्युटर 'मिळाले' अशी छोटी पोच सतत परत पाठवत असतो. ती पोचही त्याच रांगेत अडकते आणि पोच येईना म्हणून समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो. घरचे लोक कंपनीला फोन करतात. तार ठीक असते, म्हणून तक्रार तिथेच संपते.

खात्री करणे सोपे आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहा:

```
ping 8.8.8.8 -t
```

एरवी वीस-तीस मिलिसेकंद दिसणारा आकडा हजाराच्या पुढे गेला असेल, तर घड्याळाजवळच्या चिन्हावर उजवी क्लिक करून प्रोग्रॅममधून पूर्ण बाहेर पडा. काही सेकंदांत आकडा खाली आला, तर कारण सापडले. Ctrl+C दाबून चाचणी थांबवा.

टॉरेंट कायमचे सोडून द्यायची गरज नाही. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास ठेवा; वरच्या कनेक्शनला ८५ किलोबाइट पुरेत. हा आकडा किलोबिटमध्ये नव्हे, किलोबाइटमध्ये असतो. qBittorrent मध्ये तिथे शून्य लिहिले तर अपलोड बंद होत नाही, अमर्याद होतो. इथे बरेच जण फसतात. नवे प्रोग्रॅम रांग वाढली की आपण होऊन थोडे मागे सरतात, पण सगळ्या जोडण्यांवर नाही, त्यामुळे मर्यादा हवीच.

फायबरच्या अनेक योजनांत अपलोडही डाउनलोडइतकाच असतो, तिथे हा त्रास क्वचित जाणवतो. फोनच्या हॉटस्पॉटवर मात्र टॉरेंट चालू ठेवूच नका; तिथे अपलोडही दिवसाच्या डेटातूनच कापला जातो.