दोन प्रती, एक अंतर

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्राकडे पाहिलं, तर व्याध आणि राजन्य हे दोन्ही तारे एकाच नजरेत मावतात. व्याध आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, तर राजन्य त्याच्यापेक्षा थोडा फिका. प्रत्यक्षात व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर, म्हणजे जवळजवळ शंभर पट दूर. राजन्याला उचलून व्याधाच्या अंतरावर आणून ठेवलं, तर तो अष्टमीच्या चंद्राइतका झगझगेल. डोळ्यांना दिसणारं तेज अंतराबद्दल काहीच सांगत नाही. ते बोलकं होतं ते खऱ्या तेजाशी ताडून पाहिल्यावर.

ताऱ्याचं तेज ‘प्रती’त मोजतात. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. व्याधाची प्रत −१.४६ आहे, तर अंधाऱ्या गावात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा असतो. या मोजपट्टीला गणिती शिस्त लावली नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ साली. पुढे हेच पॉग्सन मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. त्यांचा नियम असा: प्रतीत ५ चा फरक म्हणजे तेजात १०० पट फरक.

आता प्रकाशाचा नियम आठवा. अंतर दुप्पट झालं की तेज चौथाईवर येतं, दहापट झालं की शंभराव्या हिश्शावर. दोन्ही नियम एकत्र ठेवले की अंतर दहापट होताच प्रतीचा आकडा बरोबर ५ ने वाढतो. पुढचं सूत्र यातूनच येतं.

ताऱ्यांची तुलना न्याय्य व्हावी म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी एक अंतर ठरवून घेतलं: १० पार्सेक, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षं. तारा तिथे असता तर जी प्रत दिसली असती, ती त्याची निरपेक्ष प्रत (M). आपल्याला इथून दिसते ती दृश्यप्रत (m). आपल्या सूर्याची निरपेक्ष प्रत ४.८ आहे, म्हणजे १० पार्सेकवरून तो एक साधासुधा, फिकट तारा दिसेल. दृश्यप्रतीतून निरपेक्ष प्रत वजा केली की मिळणाऱ्या आकड्याला अंतर-मापांक म्हणतात. मापांक ० असेल तर तारा १० पार्सेकवर, ५ असेल तर १०० वर, १० असेल तर १००० पार्सेकवर. मधल्या आकड्यांसाठी सूत्र असं (d म्हणजे पार्सेकमधलं अंतर):

m − M = 5 log₁₀ d − 5

हेच उलटं मांडलं तर मापांकात ५ मिळवायचे, ५ ने भागायचं आणि आलेला आकडा १० चा घातांक म्हणून वापरायचा.

यातलं m दुर्बिणीने मोजता येतं. खरा प्रश्न M चा आहे. दूरच्या ताऱ्याचं खरं तेज, तिथे न जाता, कळणार कसं? याचं उत्तर हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायाचित्र-पट्ट्या तपासणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट यांना सापडलं. लहान मॅजेलनी मेघातल्या २५ रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास त्यांनी १९१२ साली मांडला. या ताऱ्यांचं तेज ठरावीक दिवसांनी कमी-जास्त होतं, आणि जो तारा जास्त तेजस्वी त्याचा आवर्तनकाळ जास्त, असं त्यांना दिसलं. सिंहगडावरून लांबच्या एखाद्या गावाचे दिवे पाहिले, तर ते आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे जो दिवा जास्त उजळ दिसतो तो खरोखरच जास्त उजळ असतो. मेघातल्या ताऱ्यांचंही तसंच होतं. म्हणून लेव्हिट यांना सापडलेलं नातं खऱ्या तेजाचं होतं. दिवस मोजा, निरपेक्ष प्रत मिळवा.

या जातीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो तारा, डेल्टा सेफी, वृषपर्वा या तारकासमूहात आहे. त्याचं रूप पालटतं हे जॉन गुडरिक या तरुणाने इंग्लंडमधल्या यॉर्क इथून १७८४ साली टिपलं होतं. ५.३७ दिवसांत तो साधारण ३.५ प्रतीपासून ४.४ पर्यंत उतरतो आणि पुन्हा वर चढतो. त्याची सरासरी दृश्यप्रत ३.९५ धरू. इतका आवर्तनकाळ असलेल्या सेफीड ताऱ्याची निरपेक्ष प्रत सुमारे −३.४ असते. म्हणून मापांक ३.९५ + ३.४ = ७.३५. त्यात ५ मिळवले की १२.३५, पाचाने भागले की २.४७. दहाचा २.४७ वा घात २९५. म्हणजे २९५ पार्सेक, सुमारे ९६० प्रकाशवर्षं.

हे उत्तर थोडं जास्त आहे. ताऱ्यांच्या मधल्या जागेत विरळ धूळ असते आणि ती वाटेत काही प्रकाश खाते. तारा त्यामुळे फिका दिसतो, आणि सूत्राला फिकेपणाचा अर्थ एकच कळतो: जास्त अंतर. धूळ ओळखायची खूण म्हणजे ताऱ्याचा रंग. धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, तांबडा कमी, म्हणून तारा असायला हवा त्यापेक्षा तांबूस दिसतो. वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून प्रत मोजली की किती प्रकाश गेला याचा हिशेब लागतो. डेल्टा सेफीच्या बाबतीत हे नुकसान ०.२ प्रतीच्या आसपास आहे. ते वजा केलं की मापांक ७.१५ आणि अंतर २६९ पार्सेक, म्हणजे सुमारे ८८० प्रकाशवर्षं. हबल दुर्बिणीने याच ताऱ्याचा पराशय मोजला, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकल्यासारखा दिसतो ते पाहिलं. त्यातून २७३ पार्सेक आलं. हा ताळा मात्र पूर्णपणे स्वतंत्र नाही, कारण सेफीड ताऱ्यांच्या निरपेक्ष प्रती मुळात अशाच जवळच्या ताऱ्यांच्या पराशयावरून ठरवलेल्या आहेत. पायाच्या या मोजणीत खोट राहिली, तर वरची सगळी अंतरं चुकतात.

तसं एकदा घडलंही. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानीतल्या तेजोमेघात ३१.४ दिवसांचा सेफीड सापडला. त्यांनी अंतर काढलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे, हे ठरवायला तेवढं पुरेसं होतं, पण आकडा फार कमी होता. पुढे पालोमारची २०० इंची दुर्बीण आली. अंतर खरोखर एवढंच असतं, तर आरआर लायरी जातीचे फिके तारे देवयानीत तिच्या टप्प्यात यायला हवे होते. वॉल्टर बाडे यांना ते दिसले नाहीत. सेफीड दोन प्रकारचे असतात आणि त्यांची सरमिसळ झाली होती, असा निष्कर्ष त्यांनी १९५२ साली जाहीर केला. देवयानीतले ते सेफीड समजलं जात होतं त्यापेक्षा सुमारे १.५ प्रतीने जास्त तेजस्वी होते. १.५ भागिले ५ म्हणजे ०.३, आणि दहाचा ०.३ वा घात म्हणजे २. एका फटक्यात देवयानीचं अंतर दुप्पट झालं. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं मानतात.

हा ताळा घरच्या घरी करून पाहता येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री आठच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून दूर, उत्तरेला वृषपर्वा शोधा. डेल्टा सेफीच्या शेजारी झीटा (प्रत ३.४) आणि एप्सिलॉन (प्रत ४.२) हे दोन तारे आहेत. रोज रात्री त्यांच्याशी तुलना करून डेल्टाच्या प्रतीचा अंदाज वहीत लिहा. दोन-तीन आठवड्यांत ५.३७ दिवसांचा चढउतार तुमच्याच नोंदींतून दिसू लागेल. मग सरासरी काढा आणि सूत्रात घाला. तुमच्या अंदाजात ०.१ प्रतीची चूक राहिली, तर अंतर सुमारे पाच टक्क्यांनी चुकेल.