महिनाअखेरच्या चार ओळी

"मॅडम, शनिवारी तुमचा सत्कार ठेवलाय. निवेदनासाठी थोडा परिचय पाठवा. आठ-दहा ओळी पुष्कळ झाल्या. संध्याकाळपर्यंत मिळाला तर बरं होईल."

गावातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा असा फोन जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेला येतो आणि तिची संध्याकाळ कामाला लागते. आठ-दहा ओळी लिहायला पंधरा मिनिटे पुरतात. वेळ जातो तो शोधण्यात. ते प्रशिक्षण कोणत्या साली झाले, शिक्षण परिषदेत पाठ घेतला तेव्हा शिक्षक किती होते, पट वाढला तो कितीवरून किती? शेवटी कपाट उपसून थकल्यावर 'उपक्रमशील, विद्यार्थिप्रिय, तंत्रस्नेही' ही तीन विशेषणे कागदावर उतरतात. ती कोणत्याही शिक्षकाला चालतात, म्हणून ऐकणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

गंमत अशी की प्राथमिक शिक्षकाइतक्या नोंदी फार थोडे लोक ठेवत असतील. हजेरीपत्रकाची बेरीज दर महिन्याला होते, सरासरी निघते, मासिक पत्रक केंद्राकडे जाते. पण त्या सगळ्या नोंदी शाळेच्या असतात. शिक्षकाची स्वतःची नोंद म्हणजे सेवापुस्तक. त्यात नेमणूक, वेतनवाढ, बदली, रजा सापडतात. तिसरीच्या वर्गातली किती मुले वाचू लागली, हे सेवापुस्तकात कोणी लिहीत नाही.

म्हणून मासिक पत्रक भरायला बसतो त्याच दिवशी आणखी दहा मिनिटे द्यावीत आणि वेगळ्या वहीत चार-पाच ओळी स्वतःच्या कामाच्या लिहाव्यात. वही असो की मोबाइलमधली एक्सेल शीट, जी आपण खरोखर उघडतो ती चांगली. त्या महिन्यात लिहिण्याजोगे काही नसेल तर महिन्याचे नाव घालून 'काही नाही' एवढेच लिहावे. नाहीतर दोन वर्षांनी ते पान कोरे का, काम नव्हते की लिहायचे राहिले, याचा उलगडा होत नाही.

महिनाच का, वर्षातून एकदा का नाही? कारण शिक्षकाला वेगवेगळी वर्षे सांभाळावी लागतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. स्वयंमूल्यनिर्धारणाचा अहवाल एप्रिल ते मार्चचा असतो. पुरस्काराचा अर्ज गेल्या काही वर्षांचा हिशेब मागतो आणि स्मरणिकेवाला नुसतेच 'यंदा काय केलंत?' असे विचारतो. एका वर्षाच्या चौकटीत बसवलेली नोंद दुसऱ्या चौकटीत घालताना मोडतोड होते. महिन्याची नोंद कशीही जोडता येते. आपल्या जुन्या जमाखर्चात रोजकीर्द आधी लिहीत आणि खतावणी नंतर काढत; इथे महिन्याची वही ही कीर्द आणि परिचय ही खतावणी.

आता एक पान प्रत्यक्ष पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण शाळा ओळखीची वाटेल : मराठवाड्यातली दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी.

ऑगस्ट २०२५. नोंद ३० तारखेला.
१३ ऑगस्ट. तिसरीची वाचन तपासणी, मी घेतली. २४ पैकी ९ मुले परिच्छेद सलग वाचतात. जूनमध्ये २३ पैकी ४. उतारे तेच.
२१ ऑगस्ट. केंद्राची शिक्षण परिषद. पहिलीच्या वाचनाचा नमुना पाठ, ४० मिनिटे, मी घेतला. हजर शिक्षक ३४. हजेरीच्या पानाचा फोटो काढला.
परसबाग सुरू. कल्पना आणि आखणी सहकारी सरांची. मी वाफ्यांची मोजमापे मुलांकडून करून घेतली. श्रमदानाला १७ पालक.

प्रत्येक ओळीत तारीख आहे, आपण नेमके काय केले ते आहे, आकडा आहे आणि तो कुठून आला तेही आहे. परसबागेच्या ओळीत कल्पना दुसऱ्याची असल्याचे लिहून ठेवलेय, ही फार कामाची गोष्ट. चार वर्षांनी आठवणीत सगळी बाग आपलीच होऊन जाते आणि त्याच व्यासपीठावर ते सहकारीही बसलेले असतात.

आकड्यांशी मात्र जरा थांबायला हवे, कारण घोळ तिथेच होतो. वरच्या नोंदीत जूनमध्ये २३ मुले होती आणि ऑगस्टमध्ये २४. मधे एक मूल नव्याने दाखल झाले, ते आधीपासूनच चांगले वाचणारे होते. म्हणजे वाचणाऱ्या नवांपैकी एक आपल्या शिकवण्याचा नाही. खरी तुलना २३ पैकी ४ आणि त्याच २३ पैकी ८ अशी. हे ऑगस्टमध्ये एका ओळीत लिहिता येते. पुढच्या वर्षी कोणाला आठवणार?

मार्चमध्ये प्रश्न उलटा होतो. दिवाळीच्या आसपास पाच मुले आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. जूनच्या २३ पैकी १८ शाळेत उरली आणि त्यातली १४ परिच्छेद वाचतात. आता जूनचे '२३ पैकी ४' आणि मार्चचे '१८ पैकी १४' शेजारी ठेवले तर आकडा उगाच फुगतो, कारण दोन्हीकडची मुले वेगळी आहेत. जूनच्या पानावर मुलांच्या हजेरी क्रमांकासमोर खूण केलेली असेल, तर उरलेल्या अठरापैकी तेव्हा किती वाचत होती हे मोजता येते. समजा ती ३ निघाली. मग वाक्य होते : वर्षभर शाळेत असलेल्या १८ मुलांपैकी परिच्छेद वाचणारी मुले ३ वरून १४ झाली, पाच मुले स्थलांतरित. वाक्य थोडे लांबले, पण केंद्रप्रमुखांनी उलटतपासणी केली तरी ते टिकते.

टक्के लिहायचा मोह टाळावा. १८ पैकी १४ म्हणजे जवळजवळ ७८ टक्के. परंतु टक्के लिहिले की वर्ग अठरांचा होता की एकशे ऐंशींचा हे दिसत नाही. मूळ आकडे हाताशी असले की टक्के केव्हाही काढता येतात, टक्क्यांवरून मूळ आकडे मात्र निघत नाहीत.

पटाचेही तसेच. 'पट वाढवला' हे प्रत्येक परिचयात असते. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरण्याची पद्धत शिक्षकांना पाठ आहे, तर आपल्या वहीतही दर वर्षी त्याच तारखेचा आकडा लिहावा. ऊसतोडीच्या पट्ट्यात एका वर्षीचा सप्टेंबर आणि दुसऱ्या वर्षीचा डिसेंबर यांची तुलना केली तर शिक्षकाने काही केले नाही तरी पट चढतो किंवा कोसळतो.

आणखी एक जागा बेरजेची. चार कार्यशाळा घेतल्या, प्रत्येकीला तीस शिक्षक. परिचयात सर्रास येते, '१२० शिक्षकांना मार्गदर्शन'. पण एकाच केंद्रातले तेच तीस जण चारदा आले असतील, तर शिक्षक तीसच. वहीत 'तेच' किंवा 'नवे' एवढा शब्द लिहिला की पुढचा घोळ टळतो.

पुराव्याबद्दल थोडे. बहुतेक फोटो शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून येतात आणि अँड्रॉइड फोनमध्ये फाइलचे नाव असे काहीसे दिसते : `IMG-20250825-WA0007.jpg`. यातली तारीख फोटो आपल्याकडे आला त्या दिवसाची. फोटो काढल्याची असेलच असे नाही. परिषद २१ तारखेला झाली, सरांनी फोटो २५ तारखेला टाकले, तर नाव २५ तारीखच सांगणार. फोटोत मुळात साठवलेली तारीखही व्हॉट्सअॅपवरून येताना सहसा गळून पडते. महिन्यातले दोन-तीन फोटो निवडून लगेच नावे बदलावीत : `2025-08-21_shikshan-parishad.jpg`. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नाव दिले की फोल्डरमध्ये फायली आपोआप तारखेनुसार लागतात. वर्तमानपत्राचे कात्रण कापताना तारखेची पट्टी हमखास बाहेर राहते. तारीख आणि आवृत्ती मागच्या बाजूला पेनाने लिहावी. मुलांची पूर्ण नावे आणि चेहरे मात्र या वहीतून बाहेर जाणाऱ्या मजकुरात नकोत. फोटो छापायला द्यायचा असेल तर पालकांना आधी विचारावे.

वहीच्या पहिल्या पानावर न बदलणाऱ्या गोष्टी एकदाच लिहून ठेवाव्यात : निवेदकाने उच्चारावे तसे पूर्ण नाव, पदवी आणि वर्ष, पहिली नेमणूक, सध्याच्या शाळेत रुजू झाल्याची तारीख. या तारखा सेवापुस्तकातूनच उतरवाव्यात.

मग वाचनालयाचा फोन येतो तेव्हा काम असे होते. पहिल्या पानावरून दोन वाक्ये घ्यायची. बारा महिन्यांची पाने चाळून श्रोत्यांना समजतील अशा दोन-तीन ओळींवर खूण करायची आणि त्या सलग लिहायच्या :

"मॅडम २०११ पासून प्राथमिक शिक्षिका आहेत आणि २०१९ पासून आपल्या गावच्या शाळेत शिकवतात. २०२५-२६ मध्ये त्यांच्या तिसरीच्या वर्गात वर्षभर शाळेत असलेल्या १८ मुलांपैकी परिच्छेद वाचणारी मुले ३ वरून १४ झाली. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ३४ शिक्षकांसमोर त्यांनी पहिलीच्या वाचनाचा नमुना पाठ घेतला. शाळेच्या परसबागेत त्या मुलांना गणित शिकवतात."

पाच-सात मिनिटांचे काम. त्यात विशेषण एकही नाही आणि निवेदकाला अडखळायला जागा नाही. सभागृहासाठी एवढे बास. स्मरणिकेसाठी याला आणखी दोन महिन्यांच्या ओळी जोडता येतात.

पुरस्काराचा अर्ज ही याचीच मोठी आवृत्ती. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकाला स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. कागदपत्रे, अहवाल, छायाचित्रे जोडावी लागतात आणि माहिती खरी असल्याची हमी द्यावी लागते. हा अर्ज काही मिनिटांत होत नाही, वही असली तरी नाही. लिहिण्याला वेळ लागतोच. निदान शोधण्याचा वेळ वाचतो आणि हमीपत्रावर सही करताना हात अडत नाही.

एक गोष्ट बदलीच्या आधी करायची. शाळा सोडताना कार्यभार द्यावा लागतो आणि हजेरी, तपासणीची पत्रके, उपक्रमांच्या फायली शाळेच्या दप्तरात राहतात. ते योग्यच आहे, कागद शाळेचे आहेत. पण नव्या शाळेत गेल्यावर जुन्या शाळेतला २०२३ चा पट कोणाला विचारायचा? ज्या आकड्यांवर आपल्या ओळी उभ्या आहेत ते बदलीचा आदेश हातात पडण्याची वाट न बघता, त्या-त्या महिन्यातच वहीत उतरलेले असावेत. कार्यभाराच्या दिवशी मुख्याध्यापक किल्ल्या मोजत असतात, तेव्हा कोणी कपाट पुन्हा उघडू देत नाही.