मुंबई ते न्यूयॉर्क: नकाशावरची रेघ आणि गोलावरची वाट

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडून पाहा. रेघ अरबी समुद्र ओलांडून अरबस्तानात शिरते, इजिप्त, लिबिया आणि अल्जीरियाच्या वाळवंटावरून मोरोक्कोत पोहोचते आणि तिथून अटलांटिकमध्ये उतरते. आता पृथ्वीगोल घ्या आणि याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा वाळवंटाकडे फिरकतही नाही. तो मुंबईतून जवळजवळ उत्तरेला सुटतो, अफगाणिस्तान आणि कझाकस्तान ओलांडतो, सेंट पीटर्सबर्गजवळून नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमकडे जातो, आइसलँडवरून ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी पोहोचतो आणि कॅनडावरून न्यूयॉर्कला उतरतो.

पट्टीच्या रेघेने गेलं तर प्रवास सुमारे १४,२०० किलोमीटरचा होतो, दोऱ्याच्या वाटेने सुमारे १२,५३०. म्हणजे नकाशावर सरळ दिसणारी वाट तब्बल १,६७० किलोमीटरनी लांब आहे. हा दोष नकाशाचा. भिंतीवर बहुधा टांगलेला असतो तो मर्केटरने १५६९ मध्ये आखलेल्या पद्धतीचा नकाशा. त्यावरची सरळ रेघ होकायंत्राची एकच दिशा धरून चालते, त्यामुळे शिडाच्या जहाजांना तो वरदान ठरला. एकच दिशा धरणं आणि कमीत कमी अंतर कापणं या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दोऱ्याची वाट ज्या वर्तुळाचा तुकडा असते त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने गोल कापला की कडेला हे वर्तुळ मिळतं, आणि गोलावर याहून मोठं वर्तुळ काढता येत नाही. विषुववृत्त हे बृहद्वृत्तच आहे, पण मुंबईवरून जाणारं अक्षवृत्त नाही, कारण त्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्राच्या बरंच वर, अक्षावर कुठेतरी असतं. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट नेहमी बृहद्वृत्तावरूनच जाते. तिची लांबी मोजायला गोल लागत नाही आणि दोराही लागत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि शाळेत शिकलेले साइन-कोसाइन एवढं पुरतं.

मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिम इथे आहे. अक्षांश म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी, विषुववृत्ताच्या पातळीपासून मोजलेला कोन. त्याचं साइन घेऊन पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ किलोमीटरने गुणलं की ते ठिकाण त्या पातळीच्या किती वर आहे ते कळतं. कोसाइनने तसाच गुणाकार केला की ते पृथ्वीच्या अक्षापासून किती दूर आहे ते कळतं. मुंबई विषुववृत्ताच्या पातळीच्या २,०८४ किलोमीटर वर आणि अक्षापासून ६,०२१ किलोमीटर दूर आहे. न्यूयॉर्क ४,१४९ किलोमीटर वर, पण अक्षापासून ४,८३४ किलोमीटरच दूर. ते अधिक उत्तरेला असल्यामुळे अक्षाच्या जवळ आलं आहे.

आता पृथ्वीच्या पोटातून मुंबई ते न्यूयॉर्क सरळ बोगदा खणला आहे अशी कल्पना करा. त्याची दोन टोकं एकमेकांपासून २,०६६ किलोमीटर वर-खाली आहेत, ही झाली उंचीतली तफावत. आडवी तफावत काढताना रेखांश मदतीला येतात. अक्षाच्या टोकावरून खाली पाहिलं तर दोन्ही शहरं अक्षाभोवती १४६.६५ अंशांनी दूर दिसतात, कारण एक पूर्वेला ७२.८७ वर आहे आणि दुसरं पश्चिमेला ७३.७८ वर. ६,०२१ आणि ४,८३४ या दोन बाजू आणि त्यांमधला हा कोन घेऊन त्रिकोणाची तिसरी बाजू काढली की १०,४०४ किलोमीटर येतात. मग पायथागोरसचा नियम लावायचा: १०,४०४ आणि २,०६६ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की बोगद्याची लांबी १०,६०७ किलोमीटर निघते.

विमान मात्र बोगद्यातून जात नाही, पृष्ठभागाच्या वळणाने जातं. बोगद्यावरून केंद्रापाशी होणारा कोन काढायचा आणि कोनावरून कमानीची लांबी, एवढंच काम उरतं. हीच आकडेमोड आकड्यांऐवजी अक्षरांनी केली तर बरीच पदं एकमेकांना खोडतात आणि शेवटी हे सुटसुटीत सूत्र हाती येतं:

```
cos θ = sin φ1 · sin φ2 + cos φ1 · cos φ2 · cos(λ2 − λ1)
```

इथे φ म्हणजे अक्षांश, λ म्हणजे रेखांश आणि θ म्हणजे दोन ठिकाणांनी पृथ्वीच्या केंद्रापाशी केलेला कोन. सूत्राच्या पहिल्या पदात फक्त उंची येते. दुसऱ्या पदात अक्षापासूनची अंतरं येतात, आणि ती एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते रेखांशांतला फरक सांगतो.

आपल्या दोन शहरांसाठी पहिलं पद ०.२१३० येतं आणि दुसरं उणे ०.५९९०. बेरीज उणे ०.३८६०. बेरीज उणे आली याचा अर्थ कोन काटकोनापेक्षा मोठा आहे, म्हणजे दोन शहरांमध्ये पावपेक्षा जास्त पृथ्वी पसरली आहे. ज्या कोनाचा कोसाइन उणे ०.३८६० आहे तो कोन ११२.७ अंशांचा. बृहद्वृत्तावरचा एक अंश १११.२ किलोमीटरचा असतो, त्यामुळे अंतर १२,५३२ किलोमीटर. एक्सेलमध्ये हे एका ओळीत होतं:

```
=6371*ACOS(SIN(RADIANS(19.09))*SIN(RADIANS(40.64))
+COS(RADIANS(19.09))*COS(RADIANS(40.64))
*COS(RADIANS(-73.78-72.87)))
```

या ओळीतल्या दोन बारीक गोष्टी सुटल्या तर संगणक चूक दाखवत नाही, निमूटपणे उत्तर देतो. पहिली गोष्ट RADIANS. एक्सेलचं साइन अंश ओळखत नाही, त्याला कोन रेडियनमध्ये लागतो. तो शब्द गाळून सरळ अंश भरले तर उत्तर ६,२४० किलोमीटरच्या आसपास येतं. ते जेमतेम निम्मं आहे, तरी आंतरराष्ट्रीय प्रवासाला शोभेल असं, आणि म्हणूनच ते नजरेतून निसटतं. दुसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या रेखांशामागचं उणे चिन्ह. पश्चिम रेखांश उणे धरायचे असतात. ते चिन्ह विसरलं की न्यूयॉर्क उचलून किर्गिझस्तानच्या डोंगरांत ठेवल्यासारखं होतं आणि अंतर जेमतेम २,४०० किलोमीटर निघतं. शेकडो गावांचा तक्ता करायचा असेल, तर ज्यांचं अंतर आधीच ठाऊक आहे अशी एक जोडी, त्यातही एक शहर पश्चिम गोलार्धातलं, आधी तपासून पाहावी. या दोन्ही चुका तिथेच पकडल्या जातात.

तिसरी अडचण याहून सूक्ष्म आहे, आणि ती सूत्रातच दडलेली आहे. ते लांबच्या अंतरांना चोख चालतं, जवळच्या अंतरांना अडखळतं. समजा दोन ठिकाणं फक्त एक किलोमीटर दूर आहेत. केंद्रापाशी होणारा कोन इतका बारीक असतो की त्याचा कोसाइन ०.९९९९९९९८८ येतो. सात दशांश स्थळांपर्यंतच आकडे धरणाऱ्या साधनाने तो १ केला, की अंतर शून्य! मधलं एक किलोमीटर गोलाकारणाने गिळलं. आजचे संगणक पंधरा-सोळा अंक धरतात म्हणून तिथे ही चूक क्वचितच जाणवते, पण ज्या काळात खलाशी छापील कोष्टकं उघडून हाताने हिशेब करत, त्या काळात ती रोजची डोकेदुखी होती.

त्यावरचा उपाय म्हणजे कोसाइन १ पासून किती कमी पडतो तेवढंच मोजणं. एकातून कोसाइन वजा केला की जे उरतं त्याला भारतीय ज्योतिषगणितात उत्क्रमज्या म्हणत, आणि सूर्यसिद्धान्तासारख्या ग्रंथांत ती ज्येच्या जोडीने दिलेली आहे. इंग्लंडच्या जेम्स इनमन यांनी नौकानयनावरच्या आपल्या पुस्तकात १८३५ मध्ये याच राशीच्या निम्म्याला हॅवरसाइन हे नाव दिलं. तिच्यात मांडलेलं अंतराचं सूत्र असं दिसतं:

```
sin²(θ/2) = sin²((φ2−φ1)/2) + cos φ1 · cos φ2 · sin²((λ2−λ1)/2)
```

गणित तेच आहे, फक्त मांडणी बदलली. एक किलोमीटरच्या उदाहरणात आता sin(θ/2) ची किंमत ०.००००७८४८ येते. आकडा लहान आहे, पण त्यातले महत्त्वाचे अंक शाबूत आहेत, त्यामुळे अंतरही शाबूत राहतं. जवळचं दुकान किंवा रिक्षा शोधणाऱ्या प्रोग्रामांत म्हणूनच हे सूत्र जास्त आढळतं. त्याची कमजोरी दुसऱ्या टोकाला आहे: पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूच्या ठिकाणांसाठी ते थोडं डळमळतं. तशी गरज फार थोड्यांना पडते.

दोन्ही सूत्रं पृथ्वीला नितळ गोल मानतात, आणि ती तशी नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे आणि ध्रुवापाशी ६,३५७. सरासरी ६,३७१ धरल्यामुळे उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास फरक पडू शकतो. प्रवासाच्या अंदाजासाठी तो नगण्य आहे, जमिनीच्या मोजणीसाठी मुळीच नाही. मोजणीदारांना पृथ्वीचा चपटेपणा हिशेबात धरणारी सूत्रं लागतात. थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत त्यांतली सर्वांत परिचित. तिच्यात उत्तर एका फटक्यात मिळत नाही, पुन्हापुन्हा सुधारत जावं लागतं.

प्रत्यक्ष विमान या वाटेवरून तंतोतंत कधीच जात नाही. वैमानिकांना वाऱ्यांचा विचार करावा लागतो आणि देशांच्या हवाई हद्दींचाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा मुंबईतून उत्तरेला सुटणारी ही वाट पहिल्याच टप्प्यात अडली. अशा वेळी सूत्र तुकड्या-तुकड्यांनी वापरतात. समजा विमान आधी मस्कतला नेलं आणि तिथून न्यूयॉर्कला. पहिला तुकडा १,५९१ किलोमीटरचा येतो आणि दुसरा ११,३२४ किलोमीटरचा. बेरीज १२,९१५, म्हणजे वळसा फक्त ३८३ किलोमीटरचा, एकूण प्रवासाच्या सुमारे तीन टक्के. सर्वांत जवळच्या वाटेपासून थोडं बाजूला सरकलं तर अंतर सुरुवातीला अगदी हळूहळू वाढतं, आणि जोराच्या समोरच्या वाऱ्याला चुकवण्यासाठी वैमानिक शेकडो किलोमीटर बाजूने जातात तेही याच कारणाने परवडतं.