पोटठेकेदाराचे थकीत देयक आणि कार्यालयाला लिहायचे पत्र

सरकारी कामाचे देयक ज्याच्या नावाने कार्यारंभ आदेश निघाला, त्याच्याच नावाने निघते. फरशी पोटठेकेदाराने बसवलेली असली तरी कार्यालयाच्या दप्तरी मुख्य ठेकेदाराचेच नाव असते. करारातली देणीघेणी करार करणाऱ्यांपुरतीच, हे करार कायद्यातले जुने तत्त्व आहे. म्हणून ‘आमचे पैसे द्या’ एवढेच लिहिलेल्या पत्राला, आपला या कार्यालयाशी करारनामा नाही, असे उत्तर येते आणि प्रकरण तिथेच थांबते.

पत्र लिहावे, पण मागणी वेगळी हवी. पैसे कुठे अडले आहेत, हे आधी कळले पाहिजे. कार्यालयाने मुख्य ठेकेदाराचे देयक काढले नसेल तर कारण बहुधा निधी नसणे, मोजमाप नोंदवलेले नसणे किंवा लेखा शाखेचा आक्षेप यांपैकी एक असते. देयक निघूनही पैसे खाली पोचले नसतील तर भांडण कार्यालयाशी नाही, मुख्य ठेकेदाराशी आहे. या दोन परिस्थितींत पुढची वाट पूर्णपणे वेगळी असते, आणि ‘वरून पैसे आले नाहीत’ या तोंडी उत्तरावर विसंबून वर्ष-वर्ष थांबणारे पोटठेकेदार थोडेथोडके नाहीत.

उदाहरणादाखल जिल्हा परिषदेच्या एका शाळेचे काम घेऊ. पोटठेकेदाराने साहित्यासह 310 चौरस मीटर फरशी बसवली. जीएसटी वगळून दर चौरस मीटरला 1,000 रुपये ठरला होता, म्हणजे देयक 3,10,000 रुपयांचे झाले. एक टक्का टीडीएसचे 3,100 आणि मिळालेली उचल 1,20,000 वजा जाता बाकी राहते 1,86,900 रुपये. पत्रात हा हिशेब असाच, एका परिच्छेदात मांडावा. ‘लाखो रुपये थकले’ असे लिहिण्याने कोणतीही फाइल हलत नाही.

पत्र कार्यकारी अभियंत्याच्या नावे असावे. विषयात कामाचे नाव आणि संदर्भात मूळ कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक हवा, कारण त्यावरूनच फाइल सापडते. मजकुरात तीन गोष्टी मागाव्यात: या कामाचे कोणते देयक कधी अदा झाले ते कळवावे, मोजमाप पुस्तिकेत फरशीच्या बाबीची नोंद झाली आहे का ते सांगावे, आणि अंतिम देयक किंवा सुरक्षा ठेव परत करण्यापूर्वी मुख्य ठेकेदाराकडून या थकबाकीबाबत खुलासा घ्यावा. तिसरी विनंती मान्य करणे कार्यालयावर सहसा बंधनकारक नसते. पण ठेव अडकण्याची शक्यता दिसली की अनेकदा मुख्य ठेकेदारच फोन करतो. म्हणून पत्राची प्रत त्यालाही द्यावी. आवक शाखेत पत्र देऊन स्वतःच्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घ्यायला विसरू नये.

लिहिण्याआधी एक गोष्ट तपासायची असते. सरकारी करारनाम्यांत कार्यालयाच्या लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देऊ नये, अशी अट सहसा असते. ती परवानगी घेतलेली नसेल तर हे पत्र म्हणजे मुख्य ठेकेदाराने अट मोडल्याची लेखी तक्रारच ठरते. त्याने दबाव येतो, पण संबंधही तुटतात. म्हणून आधी मुख्य ठेकेदाराला लेखी मागणी पाठवून मुदत देणे शहाणपणाचे.

कार्यालयाने उत्तर दिले नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 खाली अर्ज करता येतो. त्यात देयकाची आणि मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांची प्रत मागावी. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. ही पाने दुधारी असतात. पोटठेकेदाराने 310 चौरस मीटर लिहिले आणि अभियंत्याने 285 नोंदवले असतील, तर उरलेल्या 25 चौरस मीटरसाठी संयुक्त मोजणीचा सहीचा कागद लागेल. दुसरा पुरावा स्वतःच्याच पॅनवर असतो. फॉर्म 26एएसमध्ये मुख्य ठेकेदाराने पूर्ण 3,10,000 रुपयांवर टीडीएस कापलेला दिसला, तर त्याच्या हिशेबवह्यांत ते देयक जमा धरले गेले आहे, असे दाखवता येते.

उद्यम नोंदणी असलेल्या पोटठेकेदाराला सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याचाही विचार करता येतो. त्यात रक्कम देण्याची मुदत जास्तीत जास्त 45 दिवसांची आहे आणि उशिरावर चक्रवाढ व्याज लागते. मात्र साहित्य व मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटांना हा कायदा लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटले आहे. त्यामुळे तिकडे वळण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते. कार्यालयाला कितीही पत्रे लिहिली तरी ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी मुख्य ठेकेदाराने थकबाकी मान्य असल्याचे लिहून सही केली, तर ती त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते.