चारातून रँक वजा केली की

कर्णावर चारही जागी ३ आणि उरलेल्या बाराही जागी १. चार बाय चारची ही सारणी पाहून कुणाच्या कपाळावर आठी पडणार नाही.

```
    3 1 1 1
A = 1 3 1 1
    1 1 3 1
    1 1 1 3
```

तिने (1, 1, 1, 1) या सदिशाला गुणलं, तर (6, 6, 6, 6) मिळतो. दिशा तीच राहते, लांबी मात्र सहापट होते. असा दिशा न सोडणारा सदिश म्हणजे आयगेनसदिश आणि तो ६ म्हणजे त्याचं आयगेनमूल्य. (1, −1, 0, 0) ला गुणलं तर (2, −2, 0, 0) येतो, म्हणजे २ हेही आयगेनमूल्य आहे. आता प्रश्न असा, की दुप्पट होणाऱ्या अशा स्वतंत्र दिशा एकूण किती? त्या सगळ्या मिळून जो अवकाश तयार होतो, त्याची मिती किती?

एकेक सदिश शोधत बसायची गरज नाही. Av = 2v हेच (A − 2I)v = 0 असं लिहिता येतं. I ही एकक सारणी, तेव्हा A च्या कर्णावरच्या प्रत्येक संख्येतून २ वजा करायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. ३ चे १ होतात आणि सोळाही जागी १ दिसू लागतो. ओळी चार असल्या तरी चारही एकच गोष्ट सांगतात: x₁ + x₂ + x₃ + x₄ = 0. स्वतंत्र ओळींची ही संख्या म्हणजे रँक, इथे १. चार अज्ञातांवर एकच अट आहे. तीन संख्या मनाला येतील त्या घ्याव्यात, चौथी आपोआप ठरते. म्हणून मिती ४ − १ = ३. तीन दिशा हव्याच असतील तर (1, −1, 0, 0), (1, 0, −1, 0) आणि (1, 0, 0, −1).

६ चंही तसंच. A − 6I च्या कर्णावर −३ येतात. चारही ओळींची बेरीज शून्य भरते, म्हणजे रँक तीनच्या वर जाऊ शकत नाही. पहिल्या ओळीतून दुसरी वजा केली की x₁ = x₂ मिळतं, तिसरी वजा केली की x₁ = x₃, चौथी वजा केली की x₁ = x₄. या तीन खऱ्या अटी आहेत, तेव्हा रँक ३ आणि मिती १. आणखी एक पडताळणी करता येते: कर्णाची बेरीज १२, आणि २ + २ + २ + ६ सुद्धा १२.

विद्यार्थी हमखास घसरतात ते क्रमात. A आधी ओळींच्या क्रियांनी सोपी करायची आणि मग λ वजा करायचा, असं ते करतात. ही A सोपी करत गेलं तर थेट I उरते. तिच्यातून 2I वजा केली की −I, रँक ४, मिती ० आणि २ हे आयगेनमूल्यच नाही असा निष्कर्ष! ओळींच्या क्रिया रँक राखतात, आयगेनमूल्यं राखत नाहीत. म्हणून वजाबाकी आधी, क्रिया नंतर. आणि वजाबाकीनंतर रँक पूर्ण ४ आली, तर λ चुकला आहे किंवा आकडेमोड तरी.

इथे २ तीनदा आला आणि मितीही ३ निघाली. हे दर वेळी जुळेल असं मात्र नाही.

```
    2 1 0 0
B = 0 2 1 0
    0 0 2 0
    0 0 0 6
```

B चीही आयगेनमूल्यं २, २, २, ६ हीच. पण B − 2I मध्ये कर्णाच्या वरचे दोन १ आणि शेवटचा ४ शिल्लक राहतात. या तीन ओळी स्वतंत्र आहेत, म्हणून रँक ३ आणि मिती फक्त १. दुसऱ्या ओळीतला १ पुसून टाकला, तर रँक २ आणि मिती २. मूल्य कितीदा आलं यावरून मितीची फक्त कमाल मर्यादा कळते. नेमकी मिती रँकच सांगते. B सारख्या सारण्यांच्या मांडणीला कामिय जॉर्डन या फ्रेंच गणितज्ञाचं नाव मिळालं आहे. त्याचा त्यावरचा ग्रंथ १८७० चा.

संगणकावर B अधिकच नाजूक ठरते. तिच्या तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या शून्याच्या जागी एक अब्जांश ठेवला, की २ च्या जवळच्या तिन्ही मूल्यांसाठी (λ − 2)³ = 10⁻⁹ हे समीकरण लागू होतं. त्यातलं एक मूल्य 2.001 होतं आणि उरलेली दोन संमिश्र संख्यांत जातात. नोंदीतली चूक एक अब्जांशाची, मूल्यातला फरक एक हजारांशाचा. A सममित आहे, तिच्यात तेवढाच बदल केला तर मूल्यंही साधारण तेवढीच हलतात. बदललेल्या B मधून 2I वजा केल्यावर रँक काटेकोरपणे ४ भरते. त्यामुळे पायथॉनमध्ये रँक विचारताना किती लहान संख्या शून्य मानायची, हे आपणच सांगितलेलं बरं:

```
np.linalg.matrix_rank(B - 2*np.eye(4), tol=1e-8)
```

नोंदी 10⁻⁹ पर्यंत चुकू शकतात हे ठाऊक असेल, तर ही मर्यादा योग्य आहे आणि उत्तर ३ येतं. मर्यादा न देता विचारलं, तर बदललेल्या B साठी ४ येतं.